काँक्रीटमध्ये अडकलेला अँकर बोल्ट: ओढायचा कधी, कापायचा कसा

मशीन हलवलं, रेलिंग काढलं, रॅक दुसरीकडे नेला, आणि जमिनीत मागे उरले चार बोल्ट. तीन-चार सेंटीमीटर वर आलेले, गंजलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येणारे. नट सुटला तरी बोल्ट हलत नाही. पहार लावून उचकटला, पक्कडीने पिळला, वरून तेल ओतलं, तरी जागचा ढिम्म. अशा वेळी जोर वाढवण्याआधी तो बोल्ट आत कशाने धरून बसला आहे हे समजून घ्या, कारण या जातीच्या बहुतेक बोल्टांची पकड तुम्ही ओढाल तितकी घट्ट होत जाते.

इथे मुख्यतः वेज अँकरबद्दल लिहितो. जमिनीत बेस प्लेट बसवायला तो फार वापरला जातो, आणि काढताना सगळ्यात जास्त त्रासही तोच देतो. उदाहरणासाठी एकच प्रसंग धरून चालू: एम१२ मापाचे चार वेज अँकर, प्रत्येक जमिनीच्या वर सुमारे ३५ मिमी आणि आत सुमारे ७० मिमी. त्यातला एक काँक्रीटच्या कडेपासून फक्त ८० मिमीवर आहे.

आधी ओळखा

नट आणि वॉशर काढा, बोल्टाच्या बुडाशी साचलेली माती ब्रशने झाडा आणि टॉर्च मारून पाहा.

भोक पूर्ण भरून सळईसारखा भरीव बोल्ट दिसत असेल, त्याच्या आणि काँक्रीटच्या मध्ये दुसरं काहीच नसेल, तर तो वेज अँकर. एम१२ साठी भोकही १२ मिमीचंच असतं. या बोल्टाचं खालचं टोक शंकूसारखं रुंद होत जातं आणि त्या शंकूभोवती पत्र्याची एक छोटी क्लिप असते. नट आवळला की बोल्ट किंचित वर सरकतो, शंकू क्लिपमध्ये घुसतो आणि क्लिप फाकून भोकाच्या भिंतीला दाबली जाते. वर ओढणं म्हणजे पुन्हा तीच क्रिया. दाराखाली ठोकलेली पाचर दार उघडू पाहिलं की आणखी रुतते, तसंच हे आहे.

बोल्टाभोवती धातूची नळी किंवा चार फाकांचं जाड कवच दिसत असेल तर तो स्लीव्ह किंवा शील्ड जातीचा अँकर. याच्यासाठी भोक बोल्टापेक्षा मोठं असतं. शील्ड जातीत एम१० ला १६ मिमी, एम१२ ला २० मिमी. हा सुटण्याची शक्यता बरीच चांगली असते. वर षटकोनी डोकं असलेला बोल्ट असेल तर तो नुसता उलटा फिरवूनही अनेकदा बाहेर येतो आणि कवच तेवढं आत राहतं.

बोल्टाभोवती कडक राळेचा थर दिसला तर तो केमिकल अँकर. तो प्रसरणाचा नाही, त्यामुळे ठोकून किंवा ओढून सोडवण्याच्या युक्त्या त्याला लागू पडत नाहीत. त्याच्यासाठी थेट कापण्याच्या भागाकडे जा. आणि जमिनीतून काहीच वर आलेलं नसेल, फक्त आत आटे असलेलं भोक दिसत असेल, तर तो ड्रॉप-इन अँकर. तो काढायच्या भानगडीत पडू नका. भोक साफ करा आणि मॉर्टरने भरा.

सोडवण्याचा प्रयत्न: खाली, वर नाही

सगळ्यात आधी तेलाबद्दल. गंज सोडवणारं तेल नटाच्या आट्यांसाठी असतं. खाली क्लिप आणि शंकूच्या पकडीवर त्याचा उपयोग होत नाही, कारण तिथे गंजापेक्षा दाब बोल्टाला धरून असतो. शिवाय भोकात ओतलेलं तेल आजूबाजूच्या काँक्रीटमध्ये झिरपतं आणि नंतर तिथे भरलेला मॉर्टर धरत नाही. म्हणून तेल लावायचंच तर फडक्याला घेऊन फक्त आट्यांवर पुसा.

आता नट परत चढवा, बोल्टाचा शेंडा आणि नटाची वरची बाजू एका पातळीत येईपर्यंत. यामुळे हातोड्याचा मार दोघांवर सारखा पडतो आणि आटे चेपत नाहीत. बोल्ट जमिनीच्या किती वर आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवा, मग एक ते दीड किलोच्या हातोड्याने सरळ खाली चार-पाच ठोके द्या आणि पुन्हा मोजा.

आपल्या प्रसंगात समजा ३५ चे ३० मिमी झाले. म्हणजे भोक बोल्टापेक्षा खोल आहे आणि शंकू क्लिपमधून खाली सुटला आहे. ठोकत राहा, नट जमिनीला टेकला की तो काढा आणि शेंड्यावर बारीक सळईचा तुकडा धरून ठोका. कधीकधी छिद्र पाडणाऱ्याने भोक मुद्दाम इतकं खोल केलेलं असतं की बोल्ट पूर्ण गडप होतो. शेंडा पृष्ठभागाच्या १० ते १५ मिमी खाली गेला की काम झालं. वरचं भोक भरून टाका. पण असं भाग्य क्वचित लाभतं. बहुतेक वेळा भोक जेमतेम एक-दीड सेंटीमीटर जास्त खोल असतं, बोल्ट तेवढाच खाली जातो आणि थांबतो.

थांबला हे कळतं आवाजावरून. आधी मार बसल्याचा बसका आवाज येतो. बोल्ट तळाला टेकला की हातोडा उसळतो आणि आवाज खणखणीत होतो. मोजलं तर फरक शून्य. इथे थांबा. त्यापुढे घण घेऊन ठोकलं तर पातळ स्लॅबच्या खालच्या बाजूने काँक्रीटचा तुकडा निखळून पडू शकतो, आणि खाली कोणी उभं असेल तर ते जिवावर बेतेल. वरच्या मजल्यावर काम असेल तर खालची जागा आधी रिकामी करा.

स्लीव्ह अँकरमध्ये हेच ठोके खूप उपयोगी पडतात. शंकू नळीतून खाली सरकला की नळी सैल पडते. मग नट थोडा वर घेऊन त्याखाली पहारेची चीर अडकवा आणि हळूहळू उचला. नळीसकट सगळं वर येतं. नळी आत राहिली तर लांब नाकाच्या पक्कडीने आतल्या बाजूला मुडपून काढा, नाही निघाली तर राहू द्या.

वेज अँकर खाली सुटल्यावरही वर ओढला की क्लिप भिंतीला घासते आणि पुन्हा फाकते. तरी एक प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे. बोल्टावर लोखंडी पाइपचा एक तुकडा बसवा, १५ मिमी आतला व्यास आणि लांबी बोल्टाच्या उंचीपेक्षा थोडी कमी. त्यावर जाड वॉशर, त्यावर नट. आता पान्याने नट आवळला की पाइप जमिनीला टेकून राहतो आणि बोल्ट वर खेचला जातो. एम१२ च्या साध्या आट्याचा पिच १.७५ मिमी असतो, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात बोल्ट जवळजवळ तेवढाच वर यायला हवा.

इथे हाताला काय जाणवतं ते महत्त्वाचं. पाना प्रत्येक फेऱ्याला साधारण तेवढाच जोर घेत असेल आणि बोल्ट वर येत असेल, तर क्लिप घसरते आहे. चालू ठेवा, पाइप पुरेनासा झाला की लांब तुकडा घ्या. पण जोर वाढतच चालला असेल, तर पाचर रुतत आहे. एम१२ चा वेज अँकर बसवताना साधारण ५० ते ६० न्यूटन-मीटर इतका आवळतात, म्हणजे एक फूटभर लांबीच्या पान्यावर हाताने दिलेला चांगला जोर. त्याच्या पलीकडे पाना खेचावा लागत असेल आणि बोल्ट जागचा हलत नसेल तर प्रयत्न सोडा. त्यापुढे एक तर आटे सोलतात, किंवा बोल्टाची मान तुटते, किंवा काँक्रीटच उखडतं.

काँक्रीट उखडतं ते शंकूच्या आकारात. पृष्ठभागावर त्या शंकूचा व्यास बोल्टाच्या खोलीच्या सुमारे तिप्पट असतो. ७० मिमी खोल बोल्ट असेल तर सगळ्या बाजूंनी साधारण १०५ मिमी. म्हणूनच आपला जो चौथा बोल्ट कडेपासून ८० मिमीवर आहे, त्याला हा प्रयोग करायचाच नाही. तिथे ओढलं तर अख्खी कड फुटून पडेल. बोल्टाभोवती केसासारखी गोल चीर दिसू लागली तर इतर ठिकाणीही लगेच थांबा.

नट आवळताना बोल्टच सोबत फिरत असेल तर क्लिपची पकड आधीच गेलेली आहे. ही चांगली बातमी आहे. आट्यांवर व्हाइस ग्रिप घट्ट बसवा, फिरवत फिरवत वर ओढा, एखादा सहकारी खालून पहारेने उचलेल. हा बोल्ट बाहेर येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त.

वेज अँकरवर माझं मत स्पष्ट आहे: ठोकून आणि एकदा पाइप लावून पाहिलं, नाही आला, तर कापायला घ्या. अर्धा दिवस झटापट करून मिळतं काय, तर तसाच बोल्ट आणि भोवती फुटलेलं काँक्रीट.

कापण्याआधी एक निर्णय

समपातळीत कापणं आणि पृष्ठभागाच्या खाली कापणं ही दोन वेगळी कामं आहेत. कुठलं हवं ते आधी ठरवा, कारण दुसऱ्या कामात बोल्टाची लांबी उपयोगाला येते. ती आधीच कापून टाकली तर हातातलं साधन गेलं.

वरून फरशी, कोबा किंवा चटई येणार असेल आणि जागा कोरडी असेल तर समपातळी पुरते. जमीन उघडी राहणार असेल, पाणी पडत असेल, बाहेरची जागा असेल, तर खाली कापा. कारण असं की या बोल्टांवर बहुधा जस्ताचा पातळ मुलामा असतो आणि कापलेल्या तोंडावर तो राहत नाही. उघडं लोखंड गंजतं, गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठं असतं, आणि वरचा पातळ मॉर्टर काही काळाने डागाळतो आणि खपलीसारखा उचलला जातो.

समपातळीत कापणं

चार इंची ग्राइंडर, १ ते १.२ मिमी जाडीची लोखंड कापायची डिस्क, आणि शेवटच्या घासकामासाठी ६ मिमी जाडीची ग्राइंडिंग डिस्क किंवा फ्लॅप डिस्क. डिस्कवर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, ते पाहा. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतही कोरलेली असते. राळेने बांधलेल्या डिस्का जुन्या होऊन ठिसूळ होतात, मुदत संपलेली असेल तर टाकून द्या. डोळ्यांवर बंद चष्मा आणि त्यावर फेस शील्ड, कानाला संरक्षण, धुळीसाठी एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क. डिस्क काँक्रीटला लागली की सिलिकाची बारीक धूळ उडते, आणि ती फुप्फुसात साठते. ठिणग्या कित्येक फूट जातात, म्हणून भुसा, थिनर, कापडं, गॅसचा पाइप हे सगळं आधी हलवा.

पत्र्याच्या तुकड्याला १३-१४ मिमीचं भोक पाडून तो बोल्टावरून जमिनीवर बसवा. डिस्क घसरली तर ओरखडा पत्र्यावर पडतो, जमिनीवर नाही.

पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला वाटतं की ग्राइंडर आडवा धरून जमिनीलगत कापला की झालं. तसं होत नाही. डिस्क धरणारा नट डिस्कच्या खाली आठ-दहा मिमी येतो आणि जमिनीला टेकतो, त्यामुळे ग्राइंडर थोडा तिरकाच धरावा लागतो आणि काप उतरता पडतो. म्हणून एकाच बाजूने आरपार जाऊ नका. एका बाजूने निम्म्यापर्यंत कापा, मग समोरच्या बाजूने. मध्ये दोनेक मिमी उरलं की ग्राइंडर बंद करून ठेवा आणि बोल्टाच्या शेंड्यावर बाजूने हातोड्याचा एक फटका द्या. बोल्ट तिथेच तुटतो. शेवटपर्यंत डिस्कनेच कापलं तर तुकडा झुकून डिस्कला चिमटतो आणि ग्राइंडर झटका मारतो. तुटलेला तुकडा बराच वेळ भाजेल इतका गरम असतो, हाताने उचलू नका.

आता दोन ते चार मिमीचा तिरका खुंट उरतो. डिस्क बदला. ग्राइंडिंग डिस्कचा मधला भाग खोलगट असतो, नट त्या खोलग्यात बसतो, म्हणून ती जमिनीशी जवळजवळ सपाट धरता येते. हे घासकाम पातळ कटिंग डिस्कने करण्याचा मोह होतो, आणि बहुतेकांना तो एकदा तरी होतो. ती बाजूचा दाब सोसायला बनवलेलीच नाही. फुटली तर तुकडे प्रचंड वेगाने उडतात. त्याच कारणाने गार्डही काढायचा नाही, कितीही अडचण वाटली तरी.

थोडं घासा, थांबा, पुन्हा घासा. सलग दाबून ठेवलं तर लोखंड निळं पडेपर्यंत तापतं आणि भोवतीचं काँक्रीट कमजोर होतं. गॅस कटर तर इथे अजिबात नको. काँक्रीटमधली ओल अचानक वाफ होते आणि वरचा थर फाटकन उडतो. शेवटी ब्रशने साफ करून कापलेल्या तोंडावर जस्त-प्राइमर लावा.

पृष्ठभागाच्या खाली तोडणं

आपल्या प्रसंगात जमीन उघडी राहणार आहे, म्हणून मधल्या तीन बोल्टांना हीच पद्धत घेऊ. त्याआधी लोखंडी सळ्या आणि वीजनलिका कुठून जातात ते डिटेक्टरने तपासा. स्लॅबमध्ये वरची सळी पृष्ठभागापासून २०-२५ मिमीवर असू शकते. ताण दिलेल्या केबलांचा स्लॅब असेल तर इंजिनीअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नका.

बोल्टाभोवती साधारण ६० मिमी व्यासाचं वर्तुळ काढा. ६ मिमीच्या बिटला २० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि त्या रेघेवर तेवढ्याच खोलीची भोकं पाडत जा, दीड-दोन सेंटीमीटरच्या अंतराने, दहा-बारा. मग अरुंद छिन्नीने मधलं काँक्रीट खणून काढा. भोकांच्या रांगेमुळे कड सरळ उभी राहते. ती तशीच हवी, बशीसारखी उतरती नको, कारण कडेला पातळ होत जाणारा मॉर्टर सगळ्यात आधी तुटतो.

आता बोल्ट ३५ मिमी वर आणि २० मिमी खड्ड्यात उघडा झाला. त्यावर दोन-अडीच फूट लांबीचा मजबूत पाइप चढवा आणि एका बाजूला वाकवा, मग उलट्या बाजूला. एम१२ माणसाच्या जोराने वाकतो. काही वेळा इकडे-तिकडे केल्यावर लोखंड थकतं आणि जिथे घट्ट धरलेलं आहे तिथे, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी, तुटतं. शेवटच्या वाकणाला पाइप एकदम सैल होतो, तेव्हा पाय रोवून उभे राहा आणि स्वतःचा भार पाइपवर टाकू नका. तळाशी थोडं काँक्रीट चुरेल, पण ते खड्ड्यातच असल्याने भरलं जाईल. खड्डा न करता असंच वाकवलं तर हीच चूर पृष्ठभागावर होते, म्हणून खड्डा आधी.

वाकवणं जमत नसेल तर ऑसिलेटिंग मल्टीटूलला कार्बाइडच्या दातांचं पातं लावून खड्ड्याच्या तळाशी कापा. वेग कमी ठेवा आणि दाब हलका, नाही तर दात झडतात. वेळ लागतो, पण ठिणग्या जवळजवळ नाहीत. कडेजवळच्या चौथ्या बोल्टासाठी मी हेच घेईन, कारण तिथे वाकवण्याचा जोरही कड फोडू शकतो. खड्डाही लहान ठेवा आणि हॅमर ड्रिलऐवजी हलक्या हाताने छिन्नी चालवा.

खड्डा भरणं

खड्ड्यातली धूळ व्हॅक्यूमने किंवा ब्रशने पूर्ण काढा. फुंकू नका, ती धूळ तोंडावरच येते. तुटलेल्या लोखंडावर जस्त-प्राइमर किंवा इपॉक्सीचा हात द्या आणि सुकू द्या.

भरायला न आक्रसणारा तयार ग्राउट किंवा दुरुस्तीचा मॉर्टर घ्या. सिमेंटच्या मॉर्टरसाठी खड्डा आधी पाण्याने भिजवून ठेवा आणि भरताना साचलेलं पाणी टिपून घ्या. काँक्रीट आतून ओलं, वरून कोरडं हवं. सुकं काँक्रीट मॉर्टरमधलं पाणी शोषून घेतं आणि कडेने चीर जाते. इपॉक्सी मॉर्टर असेल तर उलट, खड्डा पूर्ण कोरडा हवा. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच घाला. पातळ केलं की भरायला सोपं जातं आणि तेच नंतर आक्रसतं. मॉर्टर काठीने दाबून कोपऱ्यांत पोहोचवा, वर किंचित उंच ठेवा आणि घट्ट होऊ लागला की पट्टीने जमिनीच्या पातळीला कापा. सिमेंटचा असेल तर वर ओलं पोतं आणि त्यावर प्लास्टिक, किमान तीन दिवस.

त्याच जागी नवी प्लेट बसवायची असेल तर नवी भोकं जुन्यांपासून दूर घ्या. अँकर बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण नियम असा की सोडून दिलेल्या भोकापासून नवं भोक त्या भोकाच्या खोलीच्या किमान दुप्पट अंतरावर हवं. जुनं भोक ८० मिमी खोल असेल तर १६० मिमी. जवळ घ्यायचं असेल तर जुनं भोक उच्च ताकदीच्या मॉर्टरने भरलेलं असावं लागतं. आपल्या बोल्टांचे खुंट अजून आतच आहेत आणि ड्रिल त्यांवर आदळलं तर बिट घसरून भोक वाकडं जाईल, म्हणून भरण्याआधी चारही जागांची मापं कडेपासून घेऊन प्लेटच्या कागदावर मांडून ठेवा.